dC/dt शून्य धरलं, तर मग C बदलतो कसा?

ताकभात

एमएस्सी बायोकेमिस्ट्रीचं पहिलं वर्ष. एन्झाइमच्या वेगाचं सूत्र काढायला येतं, परीक्षेत मार्कही मिळतात, पण मधल्या एका ओळीवर माझं मन बसत नाही. वर्गात विचारलं तर "ॲप्रॉक्झिमेशन आहे, लिहून टाक" असं उत्तर मिळालं. म्हणून इथे.

एन्झाइम E आणि सबस्ट्रेट S जोडले जातात, कॉम्प्लेक्स C होतो. तो एकतर परत सुटतो किंवा त्यातून प्रॉडक्ट बाहेर पडतं आणि एन्झाइम मोकळं होतं. जोडणीचा k1, उलट सुटण्याचा kr, प्रॉडक्टचा k2. एकूण एन्झाइम E0, म्हणून मोकळं एन्झाइम E0 - C. इथवर सगळं पटतं.

```
dC/dt = k1*(E0 - C)*S - (kr + k2)*C
dC/dt = 0 धरलं, तर
C = E0*S/(Km + S),   Km = (kr + k2)/k1
v = k2*C = k2*E0*S/(Km + S)
```

दुसऱ्या ओळीत म्हटलं की C बदलत नाही. तिसऱ्या ओळीत C हा S वर अवलंबून निघाला. S तर सतत संपत चाललाय, म्हणजे C बदलणारच. मग दुसरी ओळ खोटी. आणि खोट्या ओळीतून निघालेलं सूत्र खरं कसं? मी काहीतरी मूर्खासारखं विचारतेय का?

---

सातारी_कंदी

मूर्खासारखं नाही, पण साधं आहे गं. गावातली पिठाची गिरणी डोळ्यासमोर आण. चार डबे आले तर चार डबे दळून होतात, आठ आले तर आठ. पण दिवाळीच्या आधी रांग रस्त्यावर गेली तरी जातं एकच, ते त्याच्याच वेगाने दळणार. S वाढवला तरी वेग k2*E0 च्या वर जात नाही तो यामुळे.

आता dC/dt = 0 म्हणजे समतोल. जेवढे रेणू जोडले जातात तेवढेच सुटतात. Km म्हणजे एन्झाइमची पकड किती घट्ट ते. Km लहान, पकड घट्ट. एवढं लक्षात ठेव, बाकी आकडेमोड.

---

आजीचीकढई

मटणाला कच्ची पपई लावतात त्यातही एन्झाइमच असतं ना? मी एकदा दुप्पट पपई लावून पाहिली, मटणाचा अगदी लगदा झाला. म्हणजे वेग अडत नाही, वाढतच जातो. का तुम्ही तापमानाबद्दल बोलताय?

---

पाटीपेन्सिल

कढईताई, तुम्ही दुप्पट केली ती पपई, म्हणजे एन्झाइम. तो दुप्पट केला की वेग दुप्पट होतो, सूत्रात E0 वरच बसलाय. वेग अडतो तो मटण वाढवत गेल्यावर, पपई तेवढीच ठेवून. तुमचा लगदा सूत्राच्या बाजूनेच साक्ष देतोय.

सातारी, गिरणी चांगली आहे. पण पुढचा परिच्छेद अर्धाच बरोबर आहे, त्यावर नंतर येतो. आधी ताकभातचा प्रश्न, कारण तो खरा प्रश्न आहे आणि बहुतेक जण तो न विचारताच पास होतात.

सोयीचे आकडे घेऊ. एकक मायक्रोमोलर आणि सेकंद. k1 = 1, kr = 40, k2 = 10. म्हणजे Km = 50. एन्झाइम E0 = 0.1, सबस्ट्रेट S0 = 100. एन्झाइमच्या हजारपट सबस्ट्रेट, प्रयोगशाळेत असतं तसं.

सूत्राप्रमाणे सुरुवातीला C = 0.1 × 100 / 150 = 0.0667. आता dC/dt च्या समीकरणात हा आकडा घाल. पहिली राशी, C तयार होण्याची: 1 × 0.0333 × 100 = 3.33. दुसरी राशी, C मोडण्याची: 50 × 0.0667 = 3.33. वजाबाकी शून्य, ती तर तूच शून्य धरली होतीस.

पण C खरोखर किती वेगाने बदलतोय? तो S च्या मागे जातो, म्हणून C = E0*S/(Km + S) याचं S च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह काढ आणि S च्या वेगाने गुण. S चा वेग उणे 0.667. डेरिव्हेटिव्ह E0*Km/(Km + S)^2, म्हणजे 5/22500. गुणाकार येतो उणे 0.00015.

म्हणजे खरं समीकरण असं आहे: 3.33 वजा 3.33 बरोबर उणे 0.00015. डावीकडे शून्य लिहायचं की उणे 0.00015, याने उजवीकडून निघणाऱ्या C मध्ये साडेसदुसष्ट हजारात एक एवढा फरक पडतो. आपण "C बदलत नाही" असं म्हणतच नाही. आपण म्हणतो की C चा बदल हा त्याच्या येण्या-जाण्याच्या मानाने नगण्य आहे. C बदलतो, व्यवस्थित बदलतो. S शंभरावरून पन्नासावर यायला या आकड्यांत सुमारे ८५ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात C 0.0667 वरून 0.05 वर येतो. चौथा हिस्सा गेला की! तरी समीकरण हललं नाही.

घरातलं उदाहरण हवं असेल तर गच्चीवरची टाकी घे आणि तिच्या नळाखाली एक भोक पडलेला लहान माठ. टाकी हळूहळू रिकामी होते, नळाची धार बारीक होत जाते, माठातली पातळीही उतरत जाते. पण कुठल्याही क्षणी बघ, माठात येणारं पाणी आणि भोकातून जाणारं पाणी जवळपास सारखंच असतं. पातळी उतरते हे खरं आणि आवक-जावक सारखी हेही खरं.

---

ताकभात

अरे देवा. "त्याच्या येण्या-जाण्याच्या मानाने". हे एवढंच कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद दादा.

पण मग लगेच दुसरी शंका. S च्या समीकरणातही असंच आहे की. जोडणीत जातात 3.33, उलट सुटून परत येतात 40 × 0.0667 = 2.67. तेही एकमेकांना बरंचसं खातात. मग dS/dt = 0 का नाही धरत?

---

पाटीपेन्सिल

छान पकडलंस. तिथे उरतात 0.667, म्हणजे पाचात एक. ते नगण्य नाही, प्रयोगात आपण मोजतो ते तेच. आणि दुसरं असं की माठ लहान आहे म्हणून पटकन जुळवून घेतो, टाकी मोठी आहे. C थोडा जास्त झाला तर 1/(k1*(S + Km)), म्हणजे 1/150 सेकंदात, सात मिलिसेकंदाच्या आत जागेवर येतो. S ला ओढून आणणारं असं काही नाही. तो फक्त संपत जातो, आणि त्याला लागणारा काळ (S0 + Km)/(k2*E0) = 150 सेकंदांच्या घरातला.

सात मिलिसेकंद आणि दीडशे सेकंद. या दोन काळांमधली दरी हाच सगळा आधार.

---

शून्याचापाढा

गणितवाला बोलतो, कमी बोलतो. C ला E0 ने आणि S ला S0 ने भागून, वेळही 1/(k1*E0) या मापाने मोजून समीकरण लिहिलं तर dc/dτ च्या पुढे एक लहान आकडा उभा राहतो:

```
eps = E0/(S0 + Km)
```

इथे तो 0.1/150, म्हणजे 0.00067. dC/dt = 0 धरणं म्हणजे हा eps शून्य करणं. सेगेल आणि स्लेमरॉड यांनी १९८९ साली दाखवलं की अट "E0 हा S0 पेक्षा फार लहान" अशी नाही, "E0 हा S0 + Km पेक्षा फार लहान" अशी आहे. फरक महत्त्वाचा. S0 एन्झाइमपेक्षा कमी असला तरी Km मोठा असेल तर सूत्र चालतं. अजून बरीच पुस्तकं जुनीच अट छापतात.

आणि ताकभात, तू एक प्रश्न विचारला नाहीस, तो मी विचारतो. t = 0 ला C किती?

---

ताकभात

शून्य. अजून काही जोडलंच नाही. ओह. पण सूत्र म्हणतं 0.0667.

---

शून्याचापाढा

बरोबर. डेरिव्हेटिव्ह टाकून दिलं की समीकरणाची एक पायरी कमी होते, आणि सुरुवातीची एक अट पाळता येत नाही. ती अट पहिल्या सात मिलिसेकंदांत राहते. तेवढ्यात S साधारण एक दशांश मायक्रोमोलरपेक्षाही कमी खर्च होतो, शंभरातले. म्हणून S साठी "सुरुवात S0 पासून" म्हणायला हरकत नाही. C साठी म्हणालीस तर चुकशील.

---

ताकभात

मला खरंच बघायचं होतं म्हणून काल रात्री एक्सेलमध्ये मांडलं. प्रत्येक ओळ ०.१ सेकंदाची, पुढचा C = आधीचा C + 0.1 × dC/dt. पहिल्याच ओळीत C = 1.0 आला. एकूण एन्झाइम 0.1 आणि कॉम्प्लेक्स 1.0! दुसऱ्या ओळीत C = उणे 12.9. पुढे तर ##### असे खांब. सूत्र चुकलंय की मी?

---

पाटीपेन्सिल

हसलो, पण तुझ्यावर नाही. माझ्या पहिल्या विद्यार्थ्यानेही हेच केलं होतं.

सूत्रही बरोबर, तूही बरोबर, पायरी लांब. C सात मिलिसेकंदात जागेवर येणारा आणि तू त्याला एकदम शंभर मिलिसेकंद एकाच दिशेने पळवलंस. तो जागा ओलांडून लांब गेला, मग तिथून परत खेचताना त्याहून लांब. या साध्या पद्धतीत पायरी 2/150, म्हणजे तेरा मिलिसेकंदांच्या वर गेली की हमखास फुटतं. एक मिलिसेकंद घेतलीस तर चालेल, पण तीनशे सेकंदांसाठी तीन लाख ओळी. म्हणजे जी दोन काळांची दरी हातानं सूत्र काढताना कामाला येते, तीच संगणकाला जड जाते. अशा समीकरणांसाठी वेगळ्या पद्धती आहेत, त्या आपणच पायरी लहानमोठी करतात.

```python
from scipy.integrate import solve_ivp

k1, kr, k2 = 1.0, 40.0, 10.0
E0, S0 = 0.1, 100.0

def f(t, y):
    S, C = y
    jod = k1*(E0 - C)*S
    return [-jod + kr*C, jod - (kr + k2)*C]

r = solve_ivp(f, (0, 300), [S0, 0.0],
              method="LSODA", rtol=1e-8, atol=1e-10)
S, C = r.y
Km = (kr + k2)/k1
print(abs(C - E0*S/(Km + S))[r.t > 0.05].max())
```

शेवटची ओळ खरा C आणि सूत्रातला C यांतला सर्वांत मोठा फरक छापते, पहिले पन्नास मिलिसेकंद सोडून. तो किती येतो ते इथे टाक. मग E0 = 100 करून परत चालव आणि तेही टाक.

---

निशिगंध

मी शास्त्रातली नाही, पण शीर्षक वाचून थांबले. बाबांना फिटसाठी फेनिटॉइन चालू आहे. डोस तीनशेवरून चारशे मिलिग्रॅम केला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाबा भिंत धरून चालायला लागले, डोळे आपोआप इकडेतिकडे फिरायचे, बोलणं जड झालं. रक्तातली पातळी खूप वाढलेली निघाली. मला कळेना, औषध एक तृतीयांशाने वाढवलं तर पातळी एवढी कशी? डॉक्टर म्हणाले लिव्हरचं एन्झाइम "भरून जातं". हे तेच का?

---

पाटीपेन्सिल

हो, अगदी तेच. आता बाबा बरे असतील अशी आशा.

फेनिटॉइन शरीराबाहेर काढायचं काम लिव्हरमधलं एन्झाइम करतं, आणि औषधाच्या नेहमीच्या पातळीलाच ते निम्म्याहून जास्त भरलेलं असतं. रोज R मिलिग्रॅम आत जातात तर रोज R बाहेर पडले पाहिजेत. बाहेर पडण्याचा वेग Vmax*C/(Km + C). इथे C म्हणजे रक्तातलं औषध, धाग्यातला C नव्हे. दोन्ही सारखे केले की:

```
C = Km*R/(Vmax - R)
```

समजा कुणाचा Vmax रोज 500 मिलिग्रॅम, Km 5 मिलिग्रॅम प्रति लिटर. रोज 300 दिले तर पातळी 7.5. 400 दिले तर 20. 450 दिले तर 45. खाली Vmax - R आहे ना, ते लहान होत जातं. गिरणीतली रांग रोज थोडी वाढते तशी. शिवाय नवीन पातळीला पोचायला वेळही जास्त लागतो, म्हणून त्रास आठवड्यांनी दिसला. हे आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येक माणसाचे वेगळे, डोस मात्र डॉक्टरच ठरवतील.

---

सातारी_कंदी

बघा, इथेही dC/dt = 0 च. मी म्हटलं होतं तसंच, समतोल.

---

शून्याचापाढा

दोन वेगळ्या गोष्टी एका डब्यात भरतोयस.

निशिगंध यांच्या बाबांचं उदाहरण खरोखरची स्थिर अवस्था आहे. रोज आत तेवढंच बाहेर, पातळी कायम. तिथे "जवळजवळ" नाही. ताकभातच्या परीक्षानळीत बाहेरून काही येत नाही, S संपत जातो, म्हणून तिथे C फक्त "जवळजवळ" स्थिर.

आणि समतोल ही तिसरीच गोष्ट. समतोल म्हणजे जोडणी आणि उलट सुटणं सारखं, प्रॉडक्टकडे जाणारी गळती विचारात न घेता. तसं धरलं तर भाजक येतो kr/k1, वरच्या आकड्यांत 40. जवळजवळ स्थिर धरलं तर (kr + k2)/k1, म्हणजे 50. पकड किती घट्ट हे सांगतो तो 40. Km सांगतो 50. k2 हा kr च्या मानाने लहान असेल तर दोन्ही सारखे. नसेल तर Km मोठा दिसतो आणि पकड तेवढीच असते.

---

सातारी_कंदी

असं कसं? मायकेलिस आणि मेंटेनचं मूळ काम समतोलाचंच होतं ना? आमच्या पुस्तकात आहे तसं.

---

पाटीपेन्सिल

हे मात्र सातारीचं खरं आहे, आणि त्याचं श्रेय त्याला.

१९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी यीस्टचं इन्व्हर्टेज आणि साखर घेऊन प्रयोग केले. साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते तेव्हा ध्रुवित प्रकाशाचा कोन उलट दिशेला फिरतो, तो मोजायचा. त्यांनी जोडणी समतोलात आहे असं धरलं आणि साखरेसाठी आकडा काढला 0.0167 मोलर. त्यांच्याही दहा वर्षं आधी पॅरिसमध्ये व्हिक्टर आँरी याने हाच आकार लिहून ठेवला होता. पण सुरुवातीचा वेग मोजायचा आणि प्रॉडक्टचा अडथळा टाळायचा ही शिस्त बर्लिनच्या दोघांची.

तू परीक्षेत जी ओळ लिहितेस ताकभात, dC/dt = 0 वाली, ती एन्झाइमसाठी १९२५ साली ब्रिग्ज आणि हाल्डेन यांनी मांडली, केंब्रिजहून, बायोकेमिकल जर्नलमध्ये दोन पानांचा टिपणवजा लेख लिहून. म्हणजे मायकेलिस-मेंटेन सूत्राची जी सिद्धता सगळीकडे शिकवतात ती त्या दोघांची नाहीच. त्यातले हाल्डेन म्हणजे तेच जे. बी. एस. हाल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात आले, आधी कलकत्त्याच्या स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

---

घाटावरचा

एक शंका. हा C कुणी पाहिला आहे का? की नुसता कागदावरचा?

---

पाटीपेन्सिल

पाहिला आहे. ब्रिटन चान्स, १९४३. हॉर्सरॅडिश नावाच्या मुळातलं पेरॉक्सिडेज घेतलं, कारण त्याचा कॉम्प्लेक्स वेगळ्या रंगाचा असतो. दोन द्रावणं जोराने एकत्र सोडायची आणि मिलिसेकंदांत रंग मोजायचा. C झटक्यात वर चढला, थोडा वेळ जवळपास सपाट राहिला आणि सबस्ट्रेट संपत आल्यावर खाली आला. ब्रिग्ज-हाल्डेन यांनी जे गृहीत धरलं होतं ते अठरा वर्षांनी डोळ्यांनी दिसलं.

---

ताकभात

चालवलं! E0 = 0.1 ला फरक इतका बारीक की आलेखात दोन रेषा एकमेकींवर बसतात. E0 = 100 ला मात्र सगळं बिघडलं. सूत्र सुरुवातीला C = 66.7 म्हणतं, प्रत्यक्षात C पन्नासच्या जरा खालीच थांबतो आणि मग उतरतो. का?

---

शून्याचापाढा

eps = 100/150 = 0.67. लहान कुठे आहे?

नुसतं डोक्याने बघ. सबस्ट्रेट शंभर, एन्झाइमही शंभर. C पन्नास झाला म्हणजे निम्मा सबस्ट्रेट आत अडकला, मोकळा उरला पन्नास. सूत्रात तू S च्या जागी शंभर घालतेस, तो मोकळा नाहीच. मोकळं एन्झाइम 50, मोकळा S 50: जोडणी 1 × 50 × 50 = 2500. मोडणं 50 × 50 = 2500. जुळलं. म्हणून पन्नास. वेग 10 × 50 = 500, सूत्र सांगत होतं 667. पन्नासच्या जरा खाली येतो कारण तिथे पोचेपर्यंतच थोडा S संपतो.

यावर उपाय असा की मोकळा S न घेता मोकळा आणि अडकलेला मिळून एकूण सबस्ट्रेट हा हळू बदलणारा धरायचा. मग C साठी वर्गसमीकरण येतं. टाकी मोजताना माठातलं पाणीही धरायचं, कारण आता माठच टाकीएवढा झालाय.

---

बीकरवाली

मी एन्झाइमच्याच कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. यातून एक कामाची गोष्ट. एन्झाइम इतकं जास्त असेल तर निम्म्या वेगासाठी लागणारा एकूण सबस्ट्रेट Km नसतो, Km + E0/2 असतो. वरच्या आकड्यांत 50 + 50 = 100. म्हणून एन्झाइमच्या दोन वेगळ्या मात्रांवर Km काढायचा. तो बदलला तर समजायचं, एन्झाइम जास्त पडलंय.

---

ताकभात

अय्यो! माझ्या प्रॅक्टिकलमध्ये हेच झालंय. यीस्टमधून काढलेलं इन्व्हर्टेज, साखर ५ ते १०० मिलिमोलर, दहा मिनिटं ठेवून डीएनएसने रंग. एन्झाइम दुप्पट केलं तर Km वाढला. जर्नलमध्ये "प्रयोगातील त्रुटी" लिहून मोकळी झाले होते. म्हणजे माझं E0 फार झालं का? Km + E0/2 लिहू?

---

पाटीपेन्सिल

थांब, लिहू नकोस. बीकरवाली म्हणते ते खरं आहे, पण तुझ्या नळीला लागू नाही. साखरेसाठी Km दहावीस मिलिमोलरच्या घरात. यीस्टच्या अर्कातलं एन्झाइम फार तर मायक्रोमोलरच्या आसपास, बहुधा त्याहून बरंच कमी. E0/2 ने Km हलायला एन्झाइम हजारो पट लागेल. तुझा eps अगदी बारीक आहे. ब्रिग्ज-हाल्डेनवर आळ घेऊ नकोस.

तुझा गुन्हेगार "दहा मिनिटं" हा आहे. समजा Vmax मिनिटाला 1 मिलिमोलर आणि Km 20. साखर 5 च्या नळीत सुरुवातीचा वेग 1 × 5/25 = 0.2. पण दहा मिनिटांत त्या नळीतली साखर 5 वरून 3.3 वर येते, म्हणजे वेगही वाटेत पडतो. तू मोजतेस 1.7 भागिले 10, म्हणजे 0.17. पंधरा टक्के कमी. साखर 100 च्या नळीत मात्र सुरुवातीचा वेग 0.833 आणि दहा मिनिटांची सरासरी 0.827. तिथे एक टक्काही फरक नाही. लहान साखरेचे बिंदू खाली ओढले गेले, मोठ्या साखरेचे जागेवर राहिले. अशा वक्राचा Km मोठाच निघणार. एन्झाइम दुप्पट केलंस की लहान नळ्या आणखी लवकर रिकाम्या, Km आणखी मोठा.

त्यात तू उलट्यांचा आलेख काढला असशील, 1/v आणि 1/S. 0.2 चा उलटा 5, 0.17 चा 5.9. जो बिंदू सर्वांत खराब तोच रेषेच्या टोकाला बसून सगळी रेष फिरवतो.

---

ताकभात

उलट्यांचाच काढलाय.

---

बीकरवाली

मान्य, मी घाईत बोलले. पण मग ओळखायचं कसं, ते सांगते. एकाच साखरेच्या चार नळ्या कर आणि २, ४, ६, १० मिनिटांना थांबव. रंग वेळेबरोबर सरळ रेषेत वाढला पाहिजे. ५ मिलिमोलरची रेष कुठे वाकते बघ, त्याच्या आधीच मोजायचं. दोन मिनिटांचा रंग फिका येत असेल तर एन्झाइम वाढवू नकोस, नमुना जास्त घे. आणि एका साखरेतून दोन रिड्यूसिंग साखरा निघतात, हे विसरून भाग दिलास तर Vmax दुप्पट येईल. Km ला धक्का लागणार नाही, त्यामुळे चूक लपून राहते.

---

घाटावरचा

मग परीक्षानळीत सगळं ठीक. पण पेशीत? तिथे काही एन्झाइम इतके दाट भरलेले असतात की सबस्ट्रेट त्यांच्याच आसपास. तिथे हे सूत्र वापरणारी सगळी मॉडेलं चुकीची म्हणायची?

---

शून्याचापाढा

सगळी नाही. Km मोठा असेल तिथे चालतं, अट E0 आणि S0 + Km ची आहे. बाकी ठिकाणी एकूण सबस्ट्रेटवालं रूप जास्त भरवशाचं. पण एकाच सबस्ट्रेटवर तीन एन्झाइम लटकले असले की तेही सुटसुटीत राहत नाही. माझ्या मते तिथे पूर्ण समीकरणंच सोडवावीत.

---

पाटीपेन्सिल

आणि माझ्या मते पूर्ण समीकरणांना लागणारे k1 आणि kr कुणाकडे मोजलेले असतात? पेशीतल्या शंभर एन्झाइमांचे Km सापडतात, k1 पाचाचेही सापडत नाहीत. तीन माहीत नसलेले आकडे अंदाजाने घालून काढलेलं अचूक उत्तर, की दोन मोजलेले आकडे घालून काढलेलं ढोबळ? यावर आपण मागेही भांडलो होतो.

---

शून्याचापाढा

आणि परत भांडू. वेगळा धागा काढ.

---

ताकभात

आज प्रॅक्टिकलची जागा मिळाली म्हणून ५ मिलिमोलरच्या चार नळ्या लावल्या. २ आणि ४ मिनिटं एका रेषेत, ६ जरा खाली, १० चांगलाच खाली. जर्नलमधली "प्रयोगातील त्रुटी" खोडली.

पण एक नवीनच झालं. उत्साहात ५०० मिलिमोलरची पण एक नळी लावली, वेग अगदी माथ्यावर दिसेल म्हणून. तिथला वेग १०० च्या नळीपेक्षा कमी आलाय. दोनदा केलं, दोन्हीदा कमी. सूत्रात तर वेग खाली येतच नाही?

---

बीकरवाली

इन्व्हर्टेज हे करतं, जास्त साखरेला स्वतःच मंदावतं. आमच्याकडे पाकावर चालवताना रोजचा ताप आहे हा. एक स्पष्टीकरण असं की एन्झाइमला दुसराही साखरेचा रेणू नको तिथे चिकटतो. म्हणजे तुझ्या पहिल्या ओळीत C च्या पुढे आणखी एक कॉम्प्लेक्स मांड आणि त्यालाही तोच नियम लाव, काय निघतं बघ. पण आधी २०० आणि ३०० च्या नळ्या लाव. पाक दाट झाला की पिपेटही कमी ओढते, मला त्याचाही संशय आहे.